मॅडमच्या कुत्र्याची कटिंग

आमच्या स्टुडिओत ‘कटिंग’ हा शब्द न्हाव्याच्या दुकानातल्यासारखा दिवसभर चालायचा. फोटोतला माणूस कापून काढायचा, त्याच्या मागचं सगळं फेकून द्यायचं आणि त्याला गुलाबाच्या बागेत नाहीतर बर्फाच्या डोंगरापुढे नेऊन उभं करायचं, याला कटिंग म्हणत. हे काम माझं होतं. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सडक अर्जुनीच्या हायवेला लागून असलेल्या या स्टुडिओत फोटोशॉपपुढे येऊन बसले. दोन वर्षांत मी किती लोकांच्या मागचे गोठे, संडासाची दारं आणि वाळत घातलेल्या गोधड्या पुसून टाकल्या त्याचा हिशोब नाही.

मला माझ्या कामाचा थोडा गर्व होता, हे कबूल करायला हवं. पण तो गर्व कशावर उभा होता ते नंतर कळलं. आमच्याकडची माणसं फोटो काढायला येताना डोक्याला तेल चोपडून यायची. केस कवटीला चप्प बसलेले. अशा डोक्याभोवती पेन टूलनं टिंब टिंब टाकत फिरलं की पंधरा मिनिटांत माणूस मोकळा. एकाही माणसाचा एकही केस हवेत नसायचा. म्हणजे मला कटिंग येत होती ती तेलाच्या भरवशावर.

स्टुडिओच्या मालकांना मी भाऊ म्हणायची. चाळिशी ओलांडलेले, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला ‘होऊन जाईल’ म्हणणारे. ते होऊन कसं जाईल हे बघायचं काम माझं. गिऱ्हाईक कोणीही असो, भाऊ खुर्चीतून उठत नसत. म्हणून मार्च महिन्यातल्या त्या सकाळी ते ताडकन उभे राहिले तेव्हा मला वाटलं, खुर्चीत विंचू निघाला.

दारात मॅडम उभ्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी भाऊंना शिकवलं होतं, मला शिकवलं होतं आणि समोरच्या पंक्चरवाल्यालाही शिकवलं होतं. त्यालाही त्या दिसल्या असाव्यात, कारण त्याची शिट्टी बंद पडली.

“बस, बस,” मॅडम भाऊंना म्हणाल्या. “पोट वाढलं तुझं.” मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत, “अन् तू सातवी ब. अक्षर चांगलं, शुद्धलेखन कच्चं. इथं काय करून राहिली?”

“कटिंग, मॅडम.”

“हं. मग तुझ्याकडेच काम आहे.”

त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं. आधी मला वाटलं, लहान मूल आहे. अंगात फुलाफुलांचं झबलं होतं. मग झबल्याखालून शेपटी निघाली. शेपटी म्हणजे शेपटीचं हाड, त्याच्यावर गुलाबी कातडी, आणि टोकाला दोनचार केस. तोंड निमुळतं, डोळे काळे, डाव्या कानावर तेवढा पांढऱ्या केसांचा एक झुबका.

भाऊंनी विचारलं, “मॅडम, हा काय होय?”

“काय होय म्हणजे? कुत्रा होय. पामेरियन. आमचा पोट्टा.”

हकिकत अशी होती. हायवे चौपदरी करायचं काम तेव्हा चालू होतं. रस्त्याच्या कडेला डांबराची पिंपं ठेवलेली असायची आणि त्यांतून गळलेलं डांबर उन्हात पसरून चकचकीत दिसायचं. मॅडमचा पोट्टा फाटकातून निसटला, पळून पळून दमला आणि त्या चकचकीत जागेला पाणी समजून तिथं आरामात लोळला. आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या. मॅडमनी खोबरेल तेल लावून पाहिलं, तर डांबर निघायच्या ऐवजी उरलेल्या अंगभर पसरलं. शेवटी ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं कातरी घेतली. तो म्हशींचा माणूस होता. त्यानं डाव्या कानाचा झुबका सोडून सगळं साफ केलं.

“आता घरी येणारा जाणारा विचारतो, मॅडम, डुकराचं पिलू कधी आणलं?” मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण त्यांनी झबल्याचे बंद उगाच दोनदा नीट केले. “मले बाकी काही नाही पायजे. हा आधी कसा होता, त्याचा एक चांगला मोठा फोटो समोरच्या खोलीत लावायचा आहे. म्हणजे तोंडं बंद होतील.”

आधीचा फोटो एकच होता. त्यांच्या भाच्यानं दिवाळीनंतर आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढून सीडीत घालून दिला होता. मी तो स्क्रीनवर उघडला आणि भाऊ आणि मी एकमेकांकडे बघितलं.

कुत्रा सुंदर होता, त्यात वाद नाही. दुधासारखा पांढरा, फुगलेला, मानेभोवती केसांची झालर. पण भाच्यानं त्याला मळणीच्या दिवसांत अंगणात बसवलं होतं. मागे धानाच्या तणसाचा हा मोठा ढीग. तणसाची काडी अन् काडी कुत्र्याच्या केसाएवढीच बारीक. उजव्या अंगाला निळी ताडपत्री, सुरकुतलेली. डोक्यामागे सायकल, तिच्या चाकाच्या तारा बरोबर दोन कानांच्या मधून आणि गालांच्या बाजूनंही निघालेल्या. आणि डाव्या कानामागे दोरीवर वाळत असलेलं मॅडमचंच पांढरं लुगडं. एक कोंबडीही होती, पण ती बिचारी लांब होती.

“हे सगळं काढून टाकायचं,” मॅडम म्हणाल्या. “फक्त तो पायजे. केसांसकट.”

“होऊन जाईल,” भाऊ म्हणाले.

मी नेहमीसारखं पेन टूल घेतलं आणि कुत्र्याभोवती टिंबं टाकत निघाले. केस कुठं संपतात आणि तणीस कुठं सुरू होतं हे कळेना, तेव्हा मी मनानंच एक गोल गुळगुळीत रेघ ठरवली आणि तिच्यावरून गेले. दुपारपर्यंत कुत्रा कापून निळ्या पडद्यावर ठेवला. मला तो ठीक वाटला. भाऊंना तर फारच आवडला. आम्ही प्रिंट काढली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, पोट्ट्यासह. प्रिंट हातात घेतली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. मग पर्समधून लाल पेन काढलं.

मी आयुष्यात अनेक गिऱ्हाइकं पाहिली. कोणी भांडतं, कोणी फोटो टाकून निघून जातं. पण फोटो काउंटरवर ठेवून लाल पेनानं तपासणारं गिऱ्हाईक ते पहिलंच. मॅडमनी मानेजवळ गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘झालर कुठे?’ पाठीवर गोल, ‘तासला का?’ तोंडाजवळ बाण, ‘मिशा!’ आणि खाली समासात, ‘हा कुत्रा नसून बिस्किट आहे. पुन्हा करा.’ दहापैकी दोन गुण दिले. दोन कशाचे, असं भाऊंनी विचारलं, तर म्हणाल्या, “डोळे त्याचेच आहेत म्हणून.”

त्या गेल्यावर मी प्रिंट नीट बघितली. खरंच, पत्र्यातून कापून काढल्यासारखा कुत्रा दिसत होता. कडा धारदार. त्याला हात लावला तर बोट कापेल.

“कडा जरा मऊ कर,” भाऊ म्हणाले. “फेदर मार.”

फेदर म्हणजे कापलेली कड विरघळवून टाकायची. मी विरघळवली. थोडी विरघळवून समाधान होईना म्हणून आणखी विरघळवली. आता कड मऊ झाली खरी, पण तिच्याबरोबर मागचं तणीसही थोडं थोडं आत आलं आणि कुत्र्याच्या सगळ्या अंगाभोवती पिवळं तेज पसरलं. निळा पडदा फार साधा दिसतो म्हणून भाऊंनी मागे ढग घालायला सांगितले होते.

मॅडमनी ती प्रिंट उजेडाला धरून बघितली. मग म्हणाल्या, “हा मेला काय?”

“नाही ना मॅडम,” भाऊ घाईनं म्हणाले.

“मग जित्या जिवाले स्वर्गात कायले पाठवून राहिले रे तुम्ही? हे तेज, हे ढग! आता खाली जन्म-मृत्यूच्या तारखा टाकायच्या राहिल्या तेवढ्या.”

त्याच वेळी काउंटरखाली पोट्टा शिंकला, म्हणून प्रसंग थोडा हलका झाला. लाल पेनानं या वेळी एकच वाक्य लिहिलं, ‘सुधारणा नाही.’

तिसऱ्या वेळी आम्ही जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. कल्पना भाऊंची होती, पण हात माझे होते. भाऊ म्हणाले, “पांढरा पामेरियन म्हणजे पांढरा पामेरियन. सगळे सारखेच. इंटरनेटवर ढीगभर पडले असतील.” शेजारच्या सायबर कॅफेतून त्यांनी एक फोटो पेनड्राइव्हवर आणला. कोण्या परदेशातल्या स्टुडिओत, काळ्या मखमली पडद्यापुढे बसवलेला कुत्रा. केस न् केस सुटा. मी त्याचं अंग घेतलं आणि त्याच्यावर आपल्या पोट्ट्याचे डोळे आणि नाक बसवलं. रंग जुळवला. खोटं सांगत नाही, मोठं देखणं काम झालं होतं.

मॅडम आल्या. प्रिंट घेतली. लाल पेन काढलं नाही.

“कोनाचा आहे हा?”

भाऊ खाली बघू लागले. मी की-बोर्डवरची धूळ पुसू लागले.

“मी विचारून राहिले, कोनाचा आहे हा कुत्रा?”

“मॅडम, तोच…”

“आमच्या पोट्ट्याच्या छातीवर केसांचा भोवरा आहे, डाव्या बाजूले. याचा उजवीकडे आहे. अन् याचे पाय बघ, मंत्र्याच्या घरच्यासारखे. आमच्याचा पुढचा एक पाय वाकडा आहे.” त्या थांबल्या. “कॉपी केली तुम्ही.”

शाळेत त्या हा शब्द ज्या आवाजात म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. भाऊ आपोआप उभे राहिले. मी पण उभी राहिले. बाहेर एक ट्रक ब्रेक दाबत थांबला, त्याचाही आवाज खालच्या पट्टीत आला असं वाटलं. दोन मिनिटं आम्ही दोघं तसेच उभे. चाळिशीतला माणूस आणि मी, केसाळ कुत्र्यापायी वर्गाबाहेर काढल्यासारखे.

“जमत नाही तर जमत नाही म्हणायचं होतं,” मॅडम हळू म्हणाल्या. “मले राग नसता आला.”

मला तेव्हा एकदम रडू फुटलं. “जमत नाही मॅडम,” मी म्हणाले. “तणीस पण बारीक, केस पण बारीक. कुठून कापू? सगळं एकात एक घुसलेलं आहे.”

मॅडमनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी स्क्रीनपुढे बसल्या. “दाखव. कुठं अडलं ते दाखव.”

मी मूळ फोटो मोठा करून दाखवला. पांढरे केस, पिवळं तणीस. मॅडमनी मान तिरकी करून बघितलं, डोळे बारीक केले. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं भाऊंचा जुना लाईटचा स्टँड उभा होता. भाऊ पूर्वी त्यावर रंगीत जिलेटिन कागद लावून नवरा-नवरीवर निळा, लाल उजेड टाकत. कागद अजून चिमट्याला लटकत होते.

“तो निळा कागद आण.”

मी आणला. त्यावर धूळ होती. मॅडमनी ती पदरानं पुसली, कागद डोळ्यांपुढे धरला आणि स्क्रीनकडे बघितलं. मग तो माझ्या डोळ्यांपुढे धरला.

“सातवीत करून दाखवलं होतं मी. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत असाल. निळ्या कागदातून पिवळं कसं दिसते?”

मी बघितलं. तणीस काळं पडलं होतं. सगळा ढीग काळा, आणि त्याच्यापुढे कुत्रा तेवढा उजळ, निळसर. केसांची टोकं काळ्यावर एक एक करून दिसत होती.

“निळा कागद निळा उजेडच पुढे जाऊ देतो,” मॅडम म्हणाल्या. “पिवळ्यात निळा नसतोच जवळपास, म्हणून ते काळं. पांढऱ्यात सगळेच रंग असतात, म्हणून ते उजळ. आता हे तुझ्या या मशीनले कसं सांगायचं ते तू पाहा.”

मशीनला ते आधीपासूनच माहीत होतं, मलाच नव्हतं. लेयरच्या खिडकीशेजारी चॅनल्स नावाची एक खिडकी असायची. कोर्समध्ये सरांनी ‘हे परीक्षेत येत नाही’ म्हणून सोडून दिली होती. मी ती उघडली. लाल, हिरवा, निळा, अशा तीन ओळी. निळ्यावर क्लिक केलं आणि स्क्रीनवर कृष्णधवल फोटो आला. त्यात तणीस काळपट आणि पोट्टा शुभ्र. जिलेटिनमधून दिसलं होतं तेच.

मी किंचाळले असणार, कारण पंक्चरवाला डोकावून गेला.

त्या निळ्या चॅनलची मी एक नक्कल काढली आणि लेव्हल्सनं तिच्यातलं काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं केलं. फार ओढलं की केसांची टोकं तुटून दाते पडायचे, म्हणून थोडं ओढायचं आणि थांबायचं. कुत्र्याचे डोळे, नाक, तोंड काळे होते, त्यांच्यावर पांढरा ब्रश फिरवून आतलं सगळं पांढरं भरलं. असं की पांढरं म्हणजे ठेवायचं, काळं म्हणजे टाकायचं, आणि केसांच्या टोकांवरचं करडं म्हणजे अर्धवट ठेवायचं. त्या करड्यातच सगळी गंमत होती. माझी आधीची रेघ केसाला एक तर ठेवायची नाहीतर छाटायची. आता मशीन स्वतःच ठरवत होतं, हा केस इतका, तो केस तितका.

तणसाकडची बाजू सुटली. पण उजवीकडे निळी ताडपत्री होती, आणि निळ्या चॅनलमध्ये तीही उजळ होऊन कुत्र्यात मिसळली.

“आता?” मी मॅडमकडे बघितलं.

“मले काय विचारते? कागद बदल.”

मी चिमट्यावरचा लाल कागद डोळ्यांपुढे धरला. ताडपत्री काळी पडली. लाल चॅनल उघडला, उजवी बाजू तिथून घेतली आणि डावी निळ्यातून. दोन अर्ध्या कुत्र्यांचा एक पूर्ण कुत्रा केला.

आणि मग, वीज गेल्यावर यूपीएस करतो ती टींऽटींसुद्धा न होता, स्क्रीन एकदम काळा झाला. मला वाटलं, वीज गेली. पण पंखा फिरत होता. टेबलाखाली वाकून बघितलं तर पोट्टा यूपीएसवर बसला होता. उघड्या अंगाला ती गार लोखंडी पेटी बरी वाटली असावी. बसताना त्याच्या मागच्या पायानं बटण दाबलं होतं. मी काम सेव्ह केलं नव्हतं.

भाऊ हसू दाबता दाबता लाल झाले. मॅडमनी पोट्ट्याला उचललं, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “तुझ्यासाठीच करून राहिले ना रे सगळे?” मग माझ्याकडे वळून, “पुन्हा कर. दुसऱ्यांदा लवकर होते.” खरंच झालं. पण त्यानंतर आजतागायत दर दोन मिनिटांनी माझी बोटं आपोआप सेव्ह करतात, स्वयंपाक करताना सुद्धा ओट्यावर टकटकतात.

उरला डावा कान. त्याच्यामागे मॅडमचं पांढरं लुगडं होतं. पांढऱ्यावर पांढरं. लाल, हिरवा, निळा, कुठल्याच चॅनलमध्ये फरक दिसेना. जिलेटिनचे सगळे कागद आम्ही धरून पाहिले, पिवळासुद्धा. काहीच नाही.

“लुगडं तुमचंच आहे मॅडम,” भाऊ म्हणाले.

“मग मी काय धुवायचं नव्हतं?”

कान हातानं काढायचं ठरलं. एक एक केस, अगदी बारीक ब्रशनं. पण कानाचे केस कसे जातात, कुठे वळतात, हे फोटोत दिसतच नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की पोट्ट्याच्या अंगावर जे केस उरले होते ते नेमके डाव्या कानावरचेच होते. कंपाउंडरनं तेवढं पुण्य केलं होतं. मॅडम पोट्ट्याला मांडीवर घेऊन स्क्रीनशेजारी बसल्या आणि दोन बोटांनी कान उभा धरला. मी एक नजर कानावर, एक नजर स्क्रीनवर, असे केस काढत गेले. मुळाशी जाड, टोकाला बारीक, काही एकमेकांवरून गेलेले. दोन दिवस हे चाललं. पोट्टा सुरुवातीला कान झटकायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं सवय करून घेतली आणि मॉडेलसारखा झोपून गेला.

सायकलच्या तारा पुसताना त्याच्या मिशाही पुसल्या गेल्या होत्या, कारण दोन्ही सारख्याच चकाकत होत्या. मिशाही मोजून काढाव्या लागल्या. मॅडमनी मोजल्या, मी काढल्या. भाऊ म्हणाले, “एखादी कमी-जास्त झाली तर कोण मोजते?” मॅडमनी फक्त त्यांच्याकडे बघितलं.

सगळ्यात शेवटी एक गोष्ट राहिली. केसांच्या टोकांना तणसाचा पिवळेपणा लागला होता. हळद लागल्यासारखा. मी स्पंज टूलनं कडेकडेनं रंग ओढून घेतला तेव्हा केस पांढरे झाले. मागे काय ठेवायचं म्हणून भाऊंनी बर्फाचे डोंगर उघडले.

“डोंगर नको,” मॅडम म्हणाल्या. “त्यानं सौंदडच्या पलीकडे काही पाहिलं नाही. साधं ठेव. गडद ठेव, म्हणजे केस दिसतील.”

मी गडद राखाडी पडदा ठेवला, कडेला जरा काळा होत गेलेला. मॉनिटरवर पोट्टा बसला होता, एकटा, मानेभोवती झालर, छातीवर डावीकडे भोवरा, पुढचा पाय किंचित वाकडा. प्रत्येक केस आपापला वेगळा. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मांडीवर झबल्यातला खरा पोट्टा घोरत होता. त्यांनी त्याच्या गुलाबी पाठीवर हात ठेवला. प्रिंट निघाली तेव्हा भाऊंनी आपल्या खिशातलं लाल पेन पुढे केलं. मॅडमनी ते परत त्यांच्या खिशाला लावलं.

फ्रेम द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. फाटक उघडलं आणि पाय थबकले. तणसाचा ढीग, आता अर्धा झालेला. भिंतीला टेकवलेली सायकल. दोरीवर लुगडं. ताडपत्री घडी करून ठेवलेली. पंधरा दिवस मी यांना एक एक करून पुसत होते आणि हे सगळे इथंच होते, जागच्या जागी, जसं काही झालंच नाही. सायकलच्या चाकाला एक तार वाकलेली होती. मला ती ओळखीची वाटली. कोंबडी पण होती. तिच्याकडे मी मुद्दाम बघितलं, कारण सगळ्यात सोपी तीच गेली होती.

फोटो समोरच्या खोलीत दाराच्या अगदी समोर लावला. शेजारची बाई लगेच आली, फोटोकडे बघितलं, खाली झबल्यातल्या पोट्ट्याकडे बघितलं.

“मॅडम, हा कोन वं?”

“हाच होय.”

“हाच?” बाई पुन्हा वर-खाली बघू लागली. “मग याचं काऊन असं झालं?”

मॅडमनी डांबराची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली. माझ्या लक्षात आलं की तोंडं बंद व्हायच्या ऐवजी आता प्रत्येकाला पूर्ण हकिकत सांगावी लागणार. पण मॅडमना त्याचा त्रास दिसत नव्हता. गोष्ट सांगताना त्या उभ्या राहायच्या आणि हातात पट्टी घेतल्यासारखं फोटोतल्या छातीवरच्या भोवऱ्याकडे बोट दाखवायच्या. पोट्ट्याला फोटोत काही रस नव्हता. त्यानं फ्रेमच्या पुठ्ठ्याचा वास घेतला, चाटून पाहिला आणि ओसरीवर जाऊन पडला. पावसाळ्यात त्याचे केस परत आले, पाठीवर जरा तपकिरी झाक घेऊन, पण आले.

फोटोची कीर्ती मात्र झाली. मॅडमकडे येणारा प्रत्येकजण विचारायचा, कुठं केला? भाऊंनी काचेवर स्वतःच्या हातानं लिहून लावलं, ‘येथे जनावरांची बारीक कटिंग होईल’. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोन माणसं खऱ्या बकऱ्या घेऊन आली. त्यांना समजावून परत पाठवावं लागलं. एकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग तुमची कातरी तरी द्या.”

एके दिवशी देवरीकडची एक म्हातारी आली. तिनं मोबाईल पुढे केला. फोटोत काळं घोंगडं होतं, त्यावर मांजर होती. मांजर काळी. कोळशासारखी.

“होऊन जाईल,” भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी चॅनल्स उघडले. लाल, सगळं काळं. हिरवा, सगळं काळं. निळा, त्याहून काळं. फक्त दोन हिरवे डोळे माझ्याकडे बघत होते.

“आजी,” मी विचारलं, “मांजर घरी आहे का?”

“घरी कायले? थैलीत आहे.”

तिनं खांद्यावरची थैली काउंटरवर ठेवली. थैली हलली.

“मग काढा तिला बाहेर,” मी म्हणाले. “भाऊ, तो पांढरा पडदा पाडा. कापायचंच नाही, नवा फोटो काढू.”

भाऊंनी पडदा पाडला. आजीनं थैलीचं तोंड उघडलं. मांजर निघाली, एकदा आम्हा तिघांकडे बघितलं आणि सरळ त्या पांढऱ्या पडद्यावरून वर चढून गेली, पार लोखंडी दांड्यापर्यंत. फोटो तिथंच काढला. कडक उजेडात, पांढऱ्यापुढे काळी, एक एक केस सुटा. आजीला फार आवडला. पडदा मात्र पुन्हा शिवून घ्यावा लागला.